बिनव्याजी हप्त्याचे व्याज

रमजानच्या तोंडावर माझ्या भाच्याने वाशीमच्या बाजारातून फ्रीज घेतला. किंमत ३०,००० रुपये. तो एका खासगी शाळेत शिकवतो आणि पगाराच्या खात्यावर बँकेने त्याला क्रेडिट कार्ड दिलेले आहे. दुकानदार म्हणाला, "सर, एकरकमी कशाला देता? कार्ड असेल तर सहा हप्ते करून देतो. महिन्याला पाच हजार. व्याज शून्य." सहा पंचे तीस, हिशोब तोंडपाठ होता. भाच्याने कार्ड दिले, मशीनमधून निघालेल्या चिठ्ठीवर सही केली आणि संध्याकाळी फ्रीज घरी आला.

महिन्याभराने कार्डाचे बिल आले. हप्ता पाच हजारांचा, पण बिल होते ५,३०३ रुपये ५८ पैसे. त्या महिन्यात त्याने कार्डावर दुसरे काहीच घेतलेले नव्हते. रविवारी तो बिल घेऊन माझ्याकडे आला. "मामू, हे बघा ना. बिनव्याजी म्हणाला होता, मग हे तीनशे कशाचे?"

मी त्याला दुकानातली चिठ्ठी मागितली. नशिबाने ती पाकिटात होती. चिठ्ठीवरची शाई अर्धी उडाली होती, तरी आकडे वाचता येत होते. कर्जाची रक्कम २८,६४८. मुदत सहा महिने. वार्षिक व्याजदर १६ टक्के. मासिक हप्ता ५,०००. खाली लहान अक्षरात प्रोसेसिंग फी १९९ आणि त्यावर कर.

"हे २८,६४८ काय आहे?" मी विचारले.

"मला वाटलं त्याने चुकून कमी कापले," भाचा म्हणाला. "मी गप्प बसलो."

दुकानदाराची चूक झाली नव्हती. ही योजना चालतेच अशी. कार्डावर हप्ते करून घेणाऱ्या बहुतेकांना ती ठाऊक नसते, म्हणून हा लेख.

व्याज जाते कुठे?

कार्डाची बँक कुणालाही सहा महिने फुकट पैसे वापरायला देत नाही. ती व्याज घेतेच. प्रश्न एवढाच असतो की ते भरायचे कुणी. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे जे व्याज लागणार आहे तेवढी सूट आधीच किमतीतून द्यायची. ही सूट कधी फ्रीज बनवणारी कंपनी सोसते, कधी दुकानदार, तर कधी दोघे मिळून.

भाच्याच्या फ्रीजचेच उदाहरण घेऊ. ३०,००० च्या वस्तूवर १,३५२ रुपये सूट दिली, म्हणून कार्डावर २८,६४८ रुपयांचे कर्ज चढले. या कर्जावर १६ टक्क्यांनी सहा महिन्यांत व्याज होते तेवढेच, १,३५२ रुपये. दोन्ही मिळून परत तीस हजार. म्हणून हप्ता बरोबर पाच हजारांचा येतो आणि गिऱ्हाईक समजते की व्याज लागलेच नाही. प्रत्यक्षात व्याज लागले, बँकेला मिळाले आणि आपल्या नावावर लागले. फक्त त्याच्याइतकी सूट दुसऱ्या हाताने मिळाली, म्हणून ते दिसले नाही.

इथपर्यंत गिऱ्हाइकाचे नुकसान नाही असे वाटते. पण दोन गोष्टी या सुटीच्या बाहेर राहतात. पहिली प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा कर. दुसरी म्हणजे व्याजावरचा कर, आणि ही गोष्ट तर कुणी सांगतच नाही.

साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही. घराचे कर्ज असो, पीककर्ज असो की सोने तारण, व्याजाला या करातून सूट आहे. पण २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा त्या सुटीतून क्रेडिट कार्डाच्या सेवेतले व्याज वगळण्यात आले. त्यामुळे कार्डावरच्या हप्त्यात जे व्याज असते त्यावर १८ टक्के कर लागतो. दुकानदाराने सूट दिली ती व्याजाएवढी, व्याजावरच्या करासकट नव्हे. तो कर आपणच भरायचा.

आता भाच्याचे बिल उलगडते. पहिल्या महिन्यात २८,६४८ वर व्याज झाले ३८२ रुपये. ते पाच हजारांच्या हप्त्यातच होते, पण त्यावरचा १८ टक्के कर, ६८ रुपये ७६ पैसे, वेगळा लागला. प्रोसेसिंग फी १९९ आणि तिच्यावरचा १८ टक्के कर ३५ रुपये ८२ पैसे, मिळून २३४ रुपये ८२ पैसे. पाच हजारांत हे दोन्ही मिळवा, बरोबर ५,३०३ रुपये ५८ पैसे येतात. बँकेची मोजणी चुकली नव्हती. दुकानातले सांगणे अर्धे होते.

पुढच्या महिन्यांत फी नाही. कर्ज फिटत जाते तसे व्याज कमी होते आणि त्यावरचा करही उतरतो. दुसऱ्या महिन्यात ५८ रुपये, तिसऱ्यात ४६, मग ३५, मग २४ आणि शेवटच्या महिन्यात १२. सहा महिन्यांचा व्याजावरचा कर झाला २४३ रुपये. त्यात फी आणि तिचा कर २३५ मिळवला की ४७८ रुपये. म्हणजे तीस हजारांचा फ्रीज ३०,४७८ ला पडला.

चारशे अठ्ठ्याहत्तर म्हणजे किती?

भाचा म्हणाला, "जाऊ द्या मामू, तीस हजारांत पाचशे म्हणजे दीड टक्का. सहा महिने वापरायला मिळतात ना."

आपण सगळे असाच हिशोब करतो आणि तो चुकतो. कारण तीस हजार आपल्याकडे सहा महिने राहत नाहीत. पहिला महिना तीस हजार वापरतो, मग पाच हजार भरतो आणि दुसऱ्या महिन्यात पंचवीस उरतात. मग वीस, पंधरा, दहा, शेवटच्या महिन्यात पाच. या सहा आकड्यांची बेरीज करा, एक लाख पाच हजार येते. म्हणजे सगळा व्यवहार एक लाख पाच हजार रुपये एक महिना उसने घेतल्यासारखा आहे. त्यावर ४७८ रुपये लागले, म्हणजे महिन्याला शेकडा ४५ पैसे, वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास.

साडेपाच टक्के महाग नाही हे मी कबूल करतो. निव्वळ पैशाच्या नजरेने पाहिले तर सोनाराकडचे तारण यापेक्षा महाग पडेल. पण या आकड्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की रोख देणाऱ्यालाही तो फ्रीज तीस हजारांनाच मिळाला असता.

म्हणून पुढच्या आठवड्यात वाशीमला काम निघाले तेव्हा मी त्याच दुकानात गेलो. तोच फ्रीज दाखवून विचारले, "यूपीआयने सगळे पैसे आत्ता दिले तर केवढ्याला?" मालक म्हणाला, "एकोणतीसला लावून देतो, तुमच्यासाठी." मी त्यांच्या ओळखीचा नव्हतो, त्यामुळे हे 'तुमच्यासाठी' सगळ्यांसाठीच असावे.

मग हिशोब बदलतो. रोख किंमत २९,०००, हप्त्याने एकूण ३०,४७८. फरक ४७८ चा नाही, १,४७८ चा. वरच्याच रीतीने मोजले तर तो वर्षाला साडेसतरा टक्क्यांच्या आसपास जातो. चिठ्ठीवर बँकेने १६ टक्के छापले होते. म्हणजे 'व्याज शून्य' म्हणून घेतलेला फ्रीज बँकेच्या उघड व्याजापेक्षाही महाग पडला.

दुकानदाराची बाजूही सांगायला हवी. सूट पूर्णपणे कंपनी देत असेल तर ती त्या हप्त्याच्या योजनेलाच बांधलेली असते. दुकानदाराने म्हटले तरी तो ती रोखीच्या गिऱ्हाइकाला देऊ शकत नाही. अशा वेळी रोख आणि हप्ता यांची किंमत खरोखरच एक असते. पण ते विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचे ते कार्ड देण्याआधी.

लहान खरेदीवर मोठा बोजा

माझा खरा राग आहे तो ठोक फीवर. व्याज रकमेच्या प्रमाणात लागते, पण प्रोसेसिंग फी बहुतेक ठिकाणी ठरलेली असते. कुठे ९९, कुठे १९९, कुठे २९९. वस्तू साठ हजारांची असो की सहा हजारांची, फी तीच.

समजा, कुणी सहा हजारांचे मिक्सर आणि गॅसची शेगडी मिळून तीन हप्त्यांत घेतली. महिन्याला दोन हजार. व्याजदर तोच १६ टक्के धरला तर तीन महिन्यांचे व्याज होते १५७ रुपये, आणि तेवढी सूट मिळते. त्या व्याजावरचा कर २८ रुपये. फी आणि तिचा कर २३५. एकूण जादा गेले २६३. पैसे वापरले किती? पहिला महिना सहा हजार, मग चार, मग दोन. बेरीज बारा हजार. बारा हजारांवर एका महिन्याला २६३ म्हणजे शेकडा दोन रुपये वीस पैसे. वर्षाचा दर सव्वीस टक्के.

गावातला सावकार शेकडा दोनने पैसे देतो तेव्हा आपण त्याला नावे ठेवतो. इथे शेकडा दोनच्या वर दर लागला, पावतीवर मात्र शून्य आले.

आणि लहान खरेदीचे हप्ते करतो कोण? ज्याच्या हातात एकदम सहा हजार नसतात तो. साठ हजारांचा टीव्ही घेणाऱ्याला तीच फी जाणवतही नाही. ठोक फीचा चटका सगळ्यात जास्त बसतो तो सगळ्यात लहान खिशाला. सूट देताना कंपन्या रकमेच्या प्रमाणात देतात, मग फी घेताना प्रमाण कुठे जाते, हा प्रश्न बँकांना विचारायला हवा.

रिझर्व्ह बँक काय म्हणते

हे माझ्या एकट्याचे म्हणणे नाही. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते. कार्डावरच्या शून्य टक्क्याच्या हप्त्यांत व्याजाचा भाग पुष्कळदा झाकून प्रोसेसिंग फीच्या नावाने गिऱ्हाइकाकडून वसूल केला जातो, असे त्या परिपत्रकात स्पष्ट लिहिले होते. त्यानंतर काही काळ 'झिरो टक्के'च्या पाट्या उतरल्या. मग 'नो कॉस्ट' या नव्या नावाने त्या परत लागल्या, या वेळी आधी सूट देण्याची पद्धत लावून.

२१ एप्रिल २०२२ ला रिझर्व्ह बँकेने क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयी सविस्तर निर्देश काढले. त्यात हप्त्यांविषयी तीन गोष्टी आहेत आणि त्या आपल्या कामाच्या आहेत. खरेदीचे हप्ते करण्याआधी मुद्दल किती, व्याज किती आणि नो कॉस्ट करण्यासाठी दिलेली सूट किती, हे ग्राहकाला स्पष्ट दाखवले पाहिजे. हेच कार्डाच्या बिलातही वेगळे दाखवले पाहिजे. आणि ज्या हप्त्यात व्याज आहे त्याला बिनव्याजीचा मुखवटा चढवता कामा नये.

भाच्याच्या चिठ्ठीवर मुद्दल आणि व्याजदर होता, म्हणजे कागदोपत्री काही अंशी काम झाले होते. पण चिठ्ठी निघते ती कार्ड लावून पिन दाबल्यावर. पुढचा गिऱ्हाईक मागे उभा असतो, दुकानातला मुलगा "इथे सही करा सर" म्हणतो. 'आधी दाखवणे' म्हणजे हे नव्हे. माझे मत असे की मशीनवर पिन मागण्याआधी रोख किंमत, सूट, फी आणि दोन्ही कर मिळून एकूण किती जाणार, हा एकच आकडा मोठ्या अक्षरात यायला हवा. मशीनला तो काढणे कठीण नाही. हप्ता ते काढतेच.

बँकेने ही माहिती दिली नसेल किंवा सांगितलेल्यापेक्षा जास्त पैसे कापले असतील तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. मात्र चिठ्ठी, दुकानाचे पक्के बिल आणि कार्डाचे बिल हे तीन कागद हवेत. चिठ्ठीची शाई महिन्यात उडते, म्हणून त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

आपाचा प्रश्न

आमचा हा हिशोब चालला असताना माझी मोठी बहीण, भाच्याची आई, चहा घेऊन आली. तिने सगळे ऐकले आणि एकच विचारले, "मग हे सूदच झालं की रे. याने तर बिनव्याजी म्हणून घेतलं होतं."

हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. आपल्यातली अनेक कुटुंबे बँकेचे कर्ज टाळतात, पण 'शून्य व्याज' या पाटीवर विश्वास ठेवून कार्डाचे हप्ते निःशंक घेतात. त्यांना पाटी वाचायला मिळते, चिठ्ठी नाही.

मी मुफ्ती नाही, फतवा देणे माझे काम नाही. ज्याला मन साफ करायचे असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण विचारताना 'बिनव्याजी हप्ता चालतो का' असे विचारू नये, कारण उत्तर प्रश्नातच भरलेले असते. चिठ्ठी समोर ठेवून विचारावे.

हप्त्याने विकणे ही गोष्ट वेगळी आहे आणि कार्डावर कर्ज घेणे वेगळी, एवढा फरक मात्र सामान्य माणसालाही समजू शकतो. दुकानदाराने स्वतः माल उधारीवर दिला, रोखीचे २९ आणि उधारीचे ३० सांगितले, गिऱ्हाइकाने त्यातला एक भाव पक्का केला आणि पुढे उशीर झाला तरी भाव वाढला नाही, तर अशा विक्रीला बहुसंख्य फकीह मान्यता देतात. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९० साली तसाच ठराव केला. त्याच ठरावात हेही आहे की किमतीपासून व्याज वेगळे काढून मुदतीला बांधून करारात लिहिणे चालणार नाही आणि उशिराबद्दल रक्कम वाढवणेही चालणार नाही.

आता भाच्याची चिठ्ठी पुन्हा वाचा. दुकानदाराला त्याचे पैसे बँकेकडून मिळून गेले. भाचा देणे लागतो ते दुकानदाराचे नाही, बँकेचे. कागदावर कर्जाची रक्कम आहे, मुदत आहे, सोळा टक्के व्याजदर आहे आणि हप्ता चुकला तर दंड आहे. एवढेच नव्हे, सरकारनेही त्याला व्याज समजूनच त्यावर कर घेतला. जी गोष्ट बँक व्याज म्हणून लिहिते आणि सरकार व्याज म्हणून करपात्र धरते, तिला आपण फक्त दुकानाच्या पाटीमुळे बिनव्याजी म्हणत राहायचे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

ज्यांना व्याजाची अडचण वाटत नाही त्या वाचकांनाही मी तेच सांगेन. घ्यायचे असेल तर जरूर घ्या, पण व्याज आहे हे ओळखून, त्याचा दर काढून घ्या.

हप्ता चुकला तर

हिशोबाच्या शेवटी मी भाच्याला आणखी एक गोष्ट सांगितली. ४७८ रुपये हा आकडा सगळे सुरळीत झाले तरच खरा. कार्डाचा हप्ता हा वेगळ्या कर्जाचा हप्ता नसतो, तो कार्डाच्या बिलात येतो. खासगी शाळेचा पगार लांबला आणि बिल पूर्ण भरले नाही, तर उरलेल्या रकमेवर कार्डाचे नेहमीचे व्याज सुरू होते. ते महिन्याला शेकडा तीन ते पावणेचारपर्यंत असते. वर उशिराचा दंड, आणि व्याज व दंड दोन्हींवर पुन्हा १८ टक्के कर. शिवाय त्या काळात कार्डावर किराणा किंवा पेट्रोल घेतले तर त्याला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. एक हप्ता चुकला की चारशे अठ्ठ्याहत्तरचा हिशोब फाडून टाकावा लागतो.

आपल्या भागात आणखी एक प्रकार चालतो. स्वतःकडे कार्ड नसते म्हणून साडूच्या किंवा मित्राच्या कार्डावर वस्तू घ्यायची आणि दर महिन्याला त्याच्या हातात पाच हजार द्यायचे. पहिल्या महिन्याचे जादा तीनशे कुणी द्यायचे यावरून तिथेच मने दुखावतात. घेणारा म्हणतो, ठरले होते पाच हजार. कार्डवाला म्हणतो, मला बिल आले पाच हजार तीनशे. दोघेही खरे बोलत असतात. एखादा महिना उशीर झाला तर कर्जाचा डाग कार्डवाल्याच्या नावावर लागतो, घेणाऱ्याच्या नाही.

वस्तू परत करायची वेळ आली तर फी आणि तिचा कर बहुतेक बँका परत देत नाहीत. आणि दुकानात पैसे परत मिळाले म्हणजे हप्ते आपोआप बंद झाले असे समजू नये. बँकेला कळवून हप्ते रद्द झाल्याचा संदेश मिळेपर्यंत व्यवहार संपलेला नसतो. हप्ते मध्येच एकदम फेडायचे म्हटले तरी अनेक बँका उरलेल्या मुद्दलावर काही टक्के शुल्क आणि त्यावर कर घेतात. त्यामुळे व्याज वाचवायला गेलेला माणूस पुष्कळदा तेवढेच शुल्क भरून येतो.

आपाकडे मोहल्ल्यातल्या बायकांची बीसी आहे. दहाजणी, महिन्याला तीन हजार. दहा महिन्यांत प्रत्येकीला एकदा तीस हजार मिळतात, कमी नाही, जास्त नाही. तिचा नंबर दोन महिन्यांनी लागणार होता. दोन महिने माठाचे पाणी प्यायलो असतो तर फ्रीज एकोणतीस हजारांना आला असता, असे ती म्हणाली. भाच्याने मान खाली घातली. मी म्हटले, आता झाले ते झाले, पाच हप्ते वेळेवर भर. बीसीलाही जोखीम असते, मधेच एखादी थांबली तर सगळ्या अडकतात. पण तिथे निदान कुणी वेगळी पाटी लावत नाही.

वाशीमहून निघताना मी त्या दुकानाच्या मालकाला विचारले होते, "फी आणि कर लागतो हे गिऱ्हाइकाला आधी का सांगत नाही?" तो हसून म्हणाला, "सांगितलं तर घेतील का?"

त्याचे उत्तर प्रामाणिक होते. म्हणून विचारण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल. कार्ड खिशातून काढण्याआधी तीनच गोष्टी विचारा: आत्ता सगळे पैसे दिले तर केवढ्याला, प्रोसेसिंग फी किती, आणि व्याजावरचा कर धरून शेवटी एकूण किती जाणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळाले नाही, तर कार्ड परत खिशात ठेवायला काही हरकत नाही.